बार धरता ती जागा आधी बघा

वाचकाचं पत्र: मी ४४ वर्षांचा, इचलकरंजीत यंत्रमागावर काम करतो. विसाव्या वर्षापासून तंबाखू-चुना खातो. दिवसाला दहा-बारा बार होतात, रात्रपाळीला जास्त. अधूनमधून मावाही होतो. खालच्या ओठात डावीकडं धरायची सवय होती, गेल्या दिवाळीपासून उजवीकडं धरतो. तिखट खाल्लं की थोडं चुरचुरतं, बाकी काही दुखत नाही. गल्लीतल्या एकाला तोंडाचा कॅन्सर झाला. तुकडा काढून तपासला आणि मग झपाट्यानं वाढला, असं सगळे म्हणतात. बायको मागं लागलीय, डॉक्टरांना दाखवा म्हणून. दुखत नाही तोवर कशाला उकरून काढायचं, असं मला वाटतं. आरशात बघितलं तर सगळं लालच दिसतं. घरच्या घरी नीट तपासता येतं का?

उत्तर: नमस्कार. तपासता येतं, आणि कसं ते सांगतोच. पण त्याआधी एक प्रश्न. दिवाळीपासून बाजू का बदललीत?

माझ्या दवाखान्यात हा प्रश्न विचारला की बहुतेक जण आधी हसतात, मग म्हणतात, "तिकडं झोंबायला लागलं होतं." चोवीस वर्षं एकाच खाचेत बार धरणारा माणूस उगाच जागा बदलत नाही. हात आपोआप दुसऱ्या बाजूला जातो आणि पहिल्या बाजूचं आपण विसरूनही जातो. तुमचंही तसंच झालं असेल, तर तुमच्या तोंडानं दिवाळीतच निरोप दिला होता. म्हणून तपासणीची सुरुवात आज बार धरता तिथून करायची नाही, जी जागा सोडलीत तिथून करायची.

दुखण्याचं म्हणाल, तर तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच. आधी दिसतात ते चट्टे. त्यातले काही पुढं बिघडतात, सगळे नाही. दुखायला लागतं ते बहुतेक वेळा जखम खोल गेल्यावर. उलट जेवताना गाल चावला गेला की ती जखम पहिल्या दिवसापासून ठणकते आणि आठ-दहा दिवसांत भरून येते. त्यामुळं दुखणारं वाईट आणि न दुखणारं बरं, हा हिशोब तोंडाच्या बाबतीत उलटा धरलेला बरा.

बघून फरक पडतो का, हेही सांगतो. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून काही पंचायतींमध्ये शिकवून तयार केलेले कार्यकर्ते घरोघरी गेले आणि उजेडात लोकांची तोंडं तपासली. यंत्र नाही, रक्ततपासणी नाही, फक्त बघणं. २००५ साली निकाल छापून आला. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू, जिथं तपासणी झाली नाही त्या पंचायतींपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले होते. तिथं बघणारे शिकलेले होते हे खरं. घरचं बघणं त्याची जागा घेत नाही. पण ज्यानं आपलं तोंड कधी पाहिलंच नाही, त्याला दवाखान्यात कधी जायचं हेही कळत नाही.

आता तपासणीकडं. वेळ सकाळची, दिवसाचा पहिला बार लावण्याआधीची. हे महत्त्वाचं, कारण बार थुंकल्यावर चुन्याचा पांढरा थर आणि तंबाखूचे कण बराच वेळ चिकटून असतात. तुम्ही आरशात बघितलंत ते बहुधा असंच, मधल्या सुट्टीत कधीतरी. ब्रशनं दात घासा, साध्या पाण्यानं तीन-चार चुळा भरा. कवळी असेल तर काढून ठेवा. हात साबणानं धुवा, बोटांना चुना राहिलेला असतो. आरसा भिंतीवर टांगलेला हवा, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. मोबाइलची बॅटरी बायकोला धरायला सांगा. त्या नाहीतरी मागं लागल्याच आहेत, आणि दोन डोळ्यांपेक्षा चार बरे.

खालचा ओठ दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी आणि तर्जनींनी धरून पूर्ण बाहेर उलटा. नुसता खाली ओढलात तर खाच दिसत नाही. ओठ आणि हिरडी जिथं मिळतात तो तळ दिसला पाहिजे. डावीकडं आधी, मग उजवीकडं. निरोगी अस्तर गुलाबी, ओलं, चकचकीत असतं आणि त्यातून बारीक शिरा दिसतात. हिरडीवर काळसर डाग असतील तर घाबरू नका, आपल्याकडं पुष्कळांना ते जन्मापासूनच असतात. बार धरायच्या जागी मात्र बहुधा वेगळं दिसेल. बराच वेळ धुणं धुतल्यावर बोटांची टोकं पांढुरकी होऊन सुरकुततात ना, तसं. हा तंबाखूचा वळ. तिथं बार ठेवणं बंद केलं की तो अनेकदा काही आठवड्यांत निवळतो. तुम्ही डावी बाजू कधीच सोडलीत, म्हणजे डावीकडचा वळ एव्हाना गेलेला असायला हवा. अजून असेल, तर ती नुसती सवयीची खूण राहिलेली नाही.

पांढरं काही दिसलं तर स्वच्छ सुती रुमालाचं टोक बोटाला गुंडाळा आणि हलक्या हातानं पुसा. पुसलं गेलं तर चुन्याचा थर असेल, किंवा दह्यासारखं निघून खाली लाल झालं तर बुरशी असेल. चुन्यानं भाजलं असेल तर पातळ पापुद्रा सुटतो आणि खाली हुळहुळतं. यातलं काही वारंवार होत असेल तर तेही दाखवाच. पुसून न जाणारा पांढरा चट्टा ही मात्र डॉक्टरांनीच बघायची गोष्ट.

पांढऱ्याची लोकांना भीती वाटते, लालची वाटत नाही, कारण तुम्ही म्हणता तसं तोंडात सगळं लालच असतं. पण मला जास्त धास्ती असते ती लाल चट्ट्याची. तो आजूबाजूच्या गुलाबीपेक्षा गडद दिसतो, मखमलीसारखा, आणि त्याची कड ठळक असते. पांढऱ्या चट्ट्याच्या मधेच लाल ठिपके दिसले तरी तेच. अशा लाल चट्ट्यात पेशी बिघडलेल्या निघण्याची शक्यता पांढऱ्यापेक्षा पुष्कळ जास्त असते.

आता बोट. घरी तपासणारे इथं हमखास चुकतात, नुसतं बघून सोडून देतात. तर्जनी आत, अंगठा बाहेर, आणि मध्ये ओठ धरून टोकापासून टोकापर्यंत हळूहळू चाचपत जा. आत मोहरीसारखे बारीक दाणे लागतील, त्या लाळेच्या ग्रंथी. सगळा ओठ कानाच्या पाळीसारखा मऊ लागायला हवा. कुठं कानाच्या वरच्या कडेसारखं टणक, जाडसर लागलं, तर दिसायला काही नसलं तरी ती जागा लक्षात ठेवा.

गाल बघताना एक युक्ती. तोंड सगळं उघडू नका, अर्धंच उघडा. पूर्ण उघडलं की गाल ताणला जातो आणि बोटानं बाजूला सरकत नाही. चमच्याच्या दांड्यानं गाल बाहेर ओढा आणि शेवटच्या दाढेच्या मागपर्यंत उजेड जाऊ द्या. दात मिटतात त्या रेषेत गालावर फिकट पांढरी ओळ असते, ती दातांच्या दाबाची. पिवळसर रवाळ ठिपके दिसतात, वरच्या दाढेसमोर एक छोटा उंचवटा दिसतो, तिथून लाळ येते. हे सगळं ठीक. तुम्ही मावा खाता म्हणून आणखी एक बघा. गाल फिका, संगमरवरासारखा पडलाय का? आतून बोट फिरवल्यावर उभ्या दोऱ्या ताणल्यासारख्या लागतात का? हे सुपारीचं काम. या आजाराची पहिली खूण बहुतेकदा तुमच्यासारखी तिखटाची चुरचुरच असते. दोऱ्या धरू लागल्या की तोंड कमी उघडत जातं, आणि आखडलेलं तोंड सुपारी सोडल्यावरही पूर्ववत होत नाही, फक्त पुढं आखडणं थांबवता येतं. आपल्या हाताची अंगठ्याशेजारची तीन बोटं एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. तीन गेली पाहिजेत. दोनच जात असतील तर आणखी महिनाभर बघत बसू नका.

जीभ बाहेर काढा, टोक रुमालात पकडा आणि आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला ओढा. बघायची आहे ती जिभेची कड, मागच्या दाढांपर्यंत. जिभेचा वरचा भाग सगळे बघतात, आजार बहुतेक वेळा कडेला असतो. मग जीभ टाळूला लावा आणि खालची जागा बघा. निळ्या शिरा असतात, असू द्या. एक बोट जिभेखाली आणि दुसऱ्या हाताची बोटं बाहेरून हनुवटीखाली ठेवून मधला भाग चाचपा. टाळूच्या मध्ये हाडाचा उंचवटा लागला तर तोही पुष्कळांना असतो. शेवटी जबड्याखाली आणि कानापासून गळ्यापर्यंत दोन्ही बाजूंना अवधाण चाचपा. न दुखणारी, टणक गाठ लागली आणि दोन आठवड्यांत गेली नाही, तर ती दाखवायची.

नवखा माणूस जिभेच्या मागच्या बाजूचे उंचवटे बघून घाबरतो. त्याला मी सांगतो, जे दोन्ही बाजूंना सारखं असतं ते बहुधा आपलंच असतं. एकाच बाजूला असेल त्यावर नजर ठेवायची. पण तुमच्या बाबतीत हा नियम लंगडा पडतो. तुम्ही दोन्ही बाजू वापरल्यात, त्यामुळं दोन्हीकडं सारखे चट्टे असू शकतात. आणि सुपारीचा आजार तर बहुधा दोन्ही गाल एकदमच धरतो.

जे दिसेल ते वहीत लिहा. तारीख, जागा, आकार. आकाराला फूटपट्टी नको, तांदळाचा दाणा, हरभऱ्याची डाळ, करंगळीचं नख अशी मापं चालतात. एक फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी त्याच उजेडात दुसरा काढा. साधी फोड किंवा व्रण असेल, शेजारी टोचणारा दात असेल, तर कॅलेंडरवर खूण करून चौदा दिवस मोजा. तेवढे दिवस तिथं बार ठेवायचा नाही. पंधराव्या दिवशी असेल तर डॉक्टर. लाल चट्टा, टणकपणा, आपोआप येणारं रक्त, ओठ बधिर होणं, कारण नसताना हलणारा दात, आखडलेलं तोंड, यांना चौदा दिवसही द्यायचे नाहीत. काहीच सापडलं नाही तर महिन्यानं पुन्हा.

काही वर्षांपूर्वी सातारा भागातला एक टेम्पोचालक माझ्याकडं आला होता, ३९ वर्षांचा. उजव्या खाचेत पांढरा चट्टा त्यानं गाडीच्या आरशात बघितला होता. औषधाच्या दुकानातून आणलेलं जेल तीन महिने लावलं, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या खाल्ल्या. जेलनं चुरचुर थांबायची म्हणून तो निर्धास्त होता. त्याला दवाखान्यात आणलं ते मोबाइलमधल्या दोन फोटोंनी. पहिल्यात डाळीएवढा पांढरा चट्टा, दुसऱ्यात करंगळीच्या नखाएवढा आणि एक कड लाल. मी बोट लावलं तर तीच कड जाड लागत होती. जागा बधिर करून तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा तुकडा काढला, दोन टाके घातले. पेशी बदलायला लागल्या होत्या, पण कर्करोग झालेला नव्हता. तेवढा चट्टा काढून टाकला, त्याच दिवशी तो घरी गेला. आता दर तीन महिन्यांनी दाखवायला येतो. त्याच वर्षी दुसरा एक जण आला, त्याची हलणारी दाढ कुठंतरी काढून घेतलेली होती आणि खड्डा दोन महिने भरत नव्हता. दाढ हलत होती ती खालच्या गाठीमुळं. त्याचा अर्धा जबडा गेला.

तुकडा काढण्याच्या भीतीचंही इथंच बोलू. तुमच्या गल्लीतल्या गृहस्थांना मी पाहिलेलं नाही, त्यामुळं त्यांच्याबद्दल काही म्हणत नाही. पण तुकडा काढल्यानं तोंडाचा कर्करोग झपाट्यानं वाढतो हे खरं नाही. नेहमी घडतं ते असं. माणूस उशिरा येतो, तुकडा जातो, अहवाल यायला आठवडा लागतो. मग घाबरून तो महिना-दोन महिने झाडपाल्याकडं जातो. आजार आपल्या गतीनं वाढतच असतो, आणि लोक दोष तुकड्याला देतात. तुकडा काढल्याशिवाय चट्टा कसला आहे हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही, मलाही नाही.

तुम्ही मात्र चौदा दिवस मोजत बसू नका. चुरचुर आहे, मावा आहे, बाजू बदललेली आहे, एवढं पुरेसं आहे. या रविवारी वर सांगितल्याप्रमाणं बघा, आणि काही सापडो न सापडो, त्या आठवड्यात जवळच्या दंतवैद्याला दाखवा. सरकारी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग असला तर तिथंही होतं. तिशीच्या पुढच्यांची तोंडाची तपासणी आरोग्य उपकेंद्रांतही सरकारी कार्यक्रमातून होते, आशाताईंना विचारा. डॉक्टरांना नुसतं "तिखट लागतं" म्हणू नका, त्यानं गोळ्यांवर बोळवण होण्याची शक्यता फार. "चोवीस वर्षं तंबाखू, डावीकडं धरत होतो, दिवाळीपासून उजवीकडं, मावाही खातो," असं सांगा आणि डावीकडच्या खाचेवर बोट ठेवून दाखवा. औषध दिलं तर किती दिवसांनी परत येऊ ते विचारा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त सांगितलं तर दुसऱ्यांना दाखवा.

आणखी एक. काही जण महिन्याच्या महिन्याला तोंड बघतात, सगळं ठीक दिसतं आणि पुढचा महिना बेफिकीर बार लावतात. आरशाला घसा दिसत नाही, जिभेचं मूळ दिसत नाही. आज ठीक दिसलं म्हणजे आजपर्यंत ठीक, आणि तेही दिसतं तेवढ्यातच. सोडायचं मनात असेल तर १८००-११२-३५६ हा मोफत क्रमांक आहे, मदतीला माणसं असतात. रात्रपाळीतली तलफ सगळ्यात अवघड जाते, तेव्हा बोलताना तेच आधी सांगा. मावा आधी सुटला तरी चालेल, गाल आखडणं तिथं थांबू शकतं.

आणि बॅटरी धरणाऱ्या वहिनींना विचारा, त्या मिश्री लावतात का. आपल्याकडं बायका तिला तंबाखू समजतच नाहीत, दात घासायचं काहीतरी समजतात. लावत असतील तर त्याच दिवशी आरशासमोर जागा बदला आणि बॅटरी तुम्ही धरा. त्यांच्या बाबतीत सुरुवात पुढच्या हिरड्यांपासून करा, मिश्रीचं बोट सगळ्यात जास्त तिथंच फिरतं.